डब्यातले अठ्ठावीस सेकंद

अगं, रविवारी तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. "आत्या, माझा सीएसएस दोन-सव्वीस आला. दोन महिने पहाटे उठून पोहतेय, ते सगळं पाण्यात गेलं." मी तेव्हा एवढंच म्हटलं की पोहण्यात काही बिघडलेलं नाही, टेस्ट चुकली आहे. मग गुरुवारी पाटी-पेन्सिल घेऊन मी स्वतः टँकवर आले आणि आकडा निघाला दोन-बारा. चार दिवसांत शंभर मीटरला १४ सेकंदांची सुधारणा कुणाची होत नाही. बाई तीच होती, टँक तोच होता, फक्त टेस्ट नीट झाली. हे १४ सेकंद कुठे लपले होते ते नीट समजून घे, कारण गोव्याच्या हाफ आयर्नमॅनपर्यंत तुझ्या प्रत्येक सेटची वेळ याच एका आकड्यावरून काढायची आहे.

आधी हा आकडा म्हणजे काय ते सांगते. क्रिटिकल स्विम स्पीड ही काही तुझी सगळ्यात जास्त गती नव्हे. दम न कोंडता, एकसारखं बऱ्यापैकी लांब रेटता येतं अशा पोहण्याची ती वरची हद्द. जपानमधल्या वाकायोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली पोहण्यासाठी ही कल्पना मांडली. त्याआधी ती स्नायूंच्या कामाच्या अभ्यासात होती. टँकवर आपण ती दोन अंतरांनी काढतो, ४०० मीटर आणि २०० मीटर. दोन्ही जीव तोडून पोहायची, दोन्हींच्या वेळांची वजाबाकी करायची आणि आलेल्या उत्तराचं निम्मं करायचं. ती झाली शंभर मीटरची तुझी सीएसएस वेळ.

वजाबाकीच का, हे मला सगळे विचारतात आणि मी सगळ्यांना घरखर्चाचं उदाहरण देते. महिन्याचा पगार असतो आणि स्वयंपाकघरातल्या डब्यात बाजूला ठेवलेले थोडे पैसे असतात. पगार दर महिन्याला येतो, डबा एकदा रिकामा झाला की झाला. पोहण्यातही तसंच आहे. श्वासावर चालणारी गती हा पगार, आणि थोडा वेळ दम कोंडून मारता येणारी मजल हा डबा. ४०० मीटरलाही तू अख्खा डबा रिकामा करतेस आणि २०० मीटरलाही. एका वेळेतून दुसरी वेळ वजा केली की दोन्हीकडचा डबा कटतो आणि मधल्या दोनशे मीटरची शुद्ध पगारावरची वेळ उरते.

तुझाच गुरुवारचा हिशोब घे. ४०० मीटर ८ मिनिटं २० सेकंद, २०० मीटर ३ मिनिटं ५६ सेकंद. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ८.२० मधून ३.५६ वजा करतात, ४.६४ येतात, निम्मे २.३२, आणि "माझा सीएसएस दोन-बत्तीस" म्हणून मोकळे होतात. मिनिटाला शंभर सेकंद नसतात. आधी सगळ्याचे सेकंद कर. ८:२० म्हणजे ५००, ३:५६ म्हणजे २३६, फरक २६४, निम्मे १३२, म्हणजे २ मिनिटं १२ सेकंद.

आता डब्यात किती होतं तेही बघ. पगाराच्या गतीने, म्हणजे २:१२ ने, चारशे मीटरला ८:४८ लागले असते. तुला ८:२० लागले. म्हणजे २८ सेकंद डब्यातून आले. दोनशेला पगाराने ४:२४ लागले असते, लागले ३:५६. इथेही तेच २८. चारशेत ते चार शंभरांवर वाटले जातात, शंभराला सात सात सेकंद. दोनशेत दोनच शंभर, म्हणून चौदा चौदा.

यातूनच मी टेस्ट खरी की खोटी ते ओळखते, आणि त्यासाठी कुठलं अॅप लागत नाही. शंभर मीटरच्या तीन वेळा एकाखाली एक लिही. दोनशेची सरासरी १:५८, चारशेची सरासरी २:०५, सीएसएस २:१२. सात सेकंदांची एक पायरी, मग पुन्हा सातची. या दोन पायऱ्या नेहमी सारख्याच येतात, गणितच तसं आहे. बघायचं ते पायरीची उंची किती आहे हे. दोन मिनिटांच्या आसपास पोहणाऱ्या मोठ्या माणसांच्या टेस्ट मी वर्षानुवर्षं पाटीवर लिहिल्या आहेत. त्यात पायरी साधारण चार ते आठ सेकंदांची असली की टेस्टवर माझा विश्वास बसतो. त्याहून फार मोठी किंवा फार बुटकी आली की मी आकडा वहीत उतरवत नाही.

रविवारची तुझी टेस्ट या मापाने बघ. दोनशे तेव्हाही ३:५६च होतं, शंभराला १:५८. पण चारशे ८:४८, म्हणजे शंभराला २:१२. पायरी झाली चौदाची, आणि पुढची पायरीही चौदाची म्हणून सीएसएस २:२६. एवढा मोठा डबा तुझ्याकडे नाही. तू घड्याळातून काढून दाखवलेल्या शंभर-शंभरच्या वेळा मी लिहून ठेवल्या आहेत. पहिलं १:५४, दुसरं २:१०, तिसरं २:२०, चौथं २:२४. अगं, पहिलं शंभर तू दोनशेच्या टेस्टपेक्षाही वेगात मारलंस. डबा तिथेच उपडा झाला, आणि उरलेल्या तीनशेत पगारातूनही कर्ज फेडत बसलीस. गुरुवारी मी कठड्यावरून ओरडत होते, "हळू, अजून हळू," तेव्हा तू वैतागलीस, मला दिसलं. पण शंभर शंभर बघ: २:०४, २:०६, २:०६, २:०४. चारशेची टेस्ट अशी दिसली पाहिजे. पहिल्या पन्नासात वाटलं पाहिजे की आपण फारच आरामात चाललोय. पाचव्या पन्नासापासून ती अवघड वाटू लागली की समजायचं, सुरुवात बरोबर झाली होती.

दुसऱ्या बाजूची चूक जास्त फसवी, कारण ती सुखावते. आमच्या सकाळच्या बॅचला एक गृहस्थ होते, चाळिशीतले, चारशे अगदी तुझ्यासारखंच, ८:२०. त्यानंतर दोन मिनिटं धापा टाकल्या आणि लगेच दोनशेला सुटले. आले ४:०४. फरक २५६, निम्मे १२८, सीएसएस २:०८. ते खूश झाले. दोनशे मीटर तुझ्यापेक्षा आठ सेकंदांनी हळू आलं, आणि त्या हळू येण्यामुळेच सीएसएस चार सेकंदांनी 'वेगवान' दिसला! शंभराची पायरी बघ, २:०२, २:०५, २:०८. तीनच सेकंद. डबा भरायला वेळच दिला नव्हता. पुढचे तीन आठवडे ते २:०८ च्या वेळा लावून पोहले आणि दर वेळी पाचव्या-सहाव्या शंभराला भिंतीला लटकले. खांदा दुखायला लागल्यावर माझ्याकडे आले. म्हणून लक्षात ठेव, चारशे बिघडलं तर आकडा उगाच हळू येतो आणि दोनशे बिघडलं तर उगाच जलद येतो. घड्याळाच्या एका सेकंदाच्या चुकीने सीएसएस अर्ध्या सेकंदाने हलतो, तेवढं मी मनावर घेत नाही. आठ सेकंद मात्र घ्यावेच लागतात.

टेस्ट कशी घ्यायची ते आता नेमकं सांगते. पंचेचाळीस मिनिटांच्या बॅचमध्ये ती बसते, फक्त कुणाशी बोलत उभं राहायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं अंग सैल करायला: तीनशे-चारशे मीटर आरामात आणि मग चार पन्नास, त्यातलं शेवटचं टेस्टच्या चारशेच्या गतीने, म्हणजे ती गती हाताला आठवते. मग चारशे. मग पूर्ण दहा मिनिटं. त्यात दोन-तीन मिनिटं भिंतीला धरून श्वास, आणि नंतर संथ पोहणं, मधे थोडं पाठीवर. थंड उभं राहू नकोस. मग दोनशे. दोन्ही वेळा पाण्यातूनच भिंतीला पाय लावून सुटायचं, काठावरून उडी नाही. पुल बॉय नाही, पॅडल नाहीत. दुसऱ्याच्या पायांमागे पोहायचं नाही, कारण पुढच्याने फाडलेल्या पाण्यात आपण फुकट ओढले जातो. समुद्रात त्याचा फायदा जरूर घे, टेस्टमध्ये तो खोटेपणा ठरतो.

आदल्या दिवशी लांब सायकल नको. तुमची सगळ्यांची रविवारची शंभर किलोमीटरची राइड असते आणि सोमवारी टँकवर येऊन पाय दगड झालेले असतात. तू तर रविवारीच, राइडवरून परतल्यावर टेस्ट घेतलीस. हे मला फोनवर सगळ्यात शेवटी सांगितलंस! आणि छातीत दाटल्यासारखं झालं, चक्कर आली, तर त्या क्षणी थांबायचं, पन्नास मीटरच राहिले असले तरी. चाळिशीनंतर जीव तोडून पोहण्याची टेस्ट घेण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायला मी सगळ्यांनाच सांगते.

आणि पाटी. शाळेतली लहान मुलांची पाटी मी वापरते, कागद भिजतो आणि मोबाइल ओल्या हाताला दाद देत नाही. पंचवीस मीटरच्या टँकमध्ये चारशे म्हणजे सोळा लांब्या. धाप लागल्यावर सोळा मोजणं भल्याभल्यांना जमत नाही. कुणी चौदाला थांबतं, कुणी अठरा मारतं, आणि तेवढ्यात मिनिटाचा फरक पडतो. काठावर कुणीतरी हवंच. तू दर वेळी माझ्या बाजूच्या भिंतीला आलीस की मी पाटीवर पन्नासची वेळ लिहिते. आठ ओळी झाल्या की चारशे झालं. हातातल्या घड्याळावर एकटं विसंबू नकोस. टँकची लांबी त्यात चुकीची घातलेली असते, किंवा भिंतीशी क्षणभर थांबून गॉगल नीट केला की ते एखादी लांबी जास्त किंवा कमी धरतं.

लांबीवरून आठवलं. तुझ्या सोसायटीचा टँक पंचवीस मीटरचा आहे असं बिल्डर म्हणाला होता. टेप लावून बघ. मी असे टँक मोजले आहेत जे एकवीस-बावीस मीटरच निघाले. त्याने काही बिघडत नाही, फक्त मीटर विसरून लांब्या मोज. समज टँक अठरा मीटरचा आहे. बावीस लांब्या एकदा पोह आणि अकरा लांब्या एकदा. वजाबाकी कर आणि अकराने भाग. एका लांबीची सीएसएस वेळ मिळाली, त्या टँकचे सगळे सेट तिच्यावर चालतील. मात्र पन्नास मीटरच्या टँकचा आकडा पंचवीसच्या टँकमध्ये न्यायचा नाही आणि उलटही नाही. भिंत ढकलून मिळणारी फुकटची गती पंचवीसमध्ये दुप्पट वेळा मिळते, त्यामुळे चांगलं टर्न मारणाऱ्याला शंभरामागे दोन-तीन सेकंद सहज वाचतात. जिथे सेट पोहायचे तिथेच टेस्ट घ्यायची.

आता सेटच्या वेळा. टँकवर आपण "अडीचवर सूट" म्हणतो तेव्हा विश्रांती किती ते सांगत नाही, पुढचं शंभर कधी सुटायचं ते सांगतो. लवकर आलीस तर विश्रांती जास्त, उशिरा आलीस तर कमी. म्हणून सुटण्याची वेळ म्हणजे पोहण्याची वेळ अधिक थोडीशी उसंत. शंभराच्या सेटला उसंत पंधरा ते वीस सेकंद. तुझे २:१२ अधिक १८ म्हणजे २:३०. मी १८ का धरले? कारण अडीच मिनिटांचं घड्याळ डोक्यात ठेवावं लागत नाही. भिंतीवरचा सेकंदकाटा पहिल्यांदा बारावर असताना सुटलीस की पुढच्या वेळी सहावर, मग बारावर, मग सहावर. वर, खाली, वर, खाली. माझं ते मोठ्या आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ मी रविवार पेठेतून एवढ्याचसाठी आणलं होतं. गॉगलमधून, धाप लागलेली असताना, पंचवीस मीटरवरून सेकंदकाटा दिसला पाहिजे. बेरजा करायला लागल्या की पाचव्या शंभरानंतर बेरीज चुकते आणि सेट बिघडतो.

तर तुझा मुख्य सेट: दहा शंभर, अडीचवर. पंचवीस मिनिटं लागतात, बॅचमध्ये बरोबर बसतो. तू विचारशील की अठराऐवजी चाळीस सेकंद थांबले तर? तर तेवढ्यात डबा पुन्हा बराच भरेल, तू प्रत्येक शंभर २:०४ ने मारशील, आणि तो दमाचा वेगळा व्यायाम होईल. वाईट नाही, पण जी गती वाढवायची आहे ती वाढणार नाही. उसंत एवढीच हवी की स्ट्रोक मोडू नये आणि डबा भरू नये.

दोनशेच्या सेटला उसंत थोडीच वाढते, दुप्पट होत नाही. ४:२४ अधिक २१, म्हणजे ४:४५ वर पाच दोनशे. काटा इथे बारा, नऊ, सहा, तीन असा मागे मागे सरकतो, तेही लक्षात राहतं. चारशेच्या सेटला मात्र गती सीएसएसची ठेवायची नाही. दोन अंतरांच्या टेस्टमधून निघणारा आकडा लांब पोहण्याच्या मानाने जरा तिखटच असतो, सलग अर्धा तास तो धरणं बहुतेकांना जमत नाही. म्हणून चारशेला शंभरामागे चार सेकंद सोडून दे: २:१६ ने ९:०४, आणि सुटायचं साडेनऊवर, तीन वेळा. आठवड्यात तू तीनदा येतेस, तर एक दिवस शंभर, एक दिवस दोनशे किंवा चारशे आलटून पालटून, आणि तिसरा दिवस घड्याळाशिवाय, फक्त हाताकडे आणि श्वासाकडे लक्ष देऊन. तो तिसरा दिवस गाळू नकोस. दोन-बाराला पोहणाऱ्या माणसाचे सेकंद दमापेक्षा हात पाण्यात कसा जातो यातच जास्त अडकलेले असतात.

सेट पोहताना काय बघायचं ते सांगते. पहिली तीन शंभरं सोपी वाटतील, आणि तिथेच तुझा हात सुटेल. २:०६ ने आलीस तर शाबासकी मिळणार नाही, कारण डब्यातले सहा सेकंद गेले. २:१० ते २:१४ च्या आत सगळी दहाच्या दहा आली पाहिजेत. दर सेटला एका लांबीचे स्ट्रोक मोज, दुसऱ्या शंभरात आणि आठव्यात. तुझे गुरुवारी अंग सैल करताना एकवीस होते. आठव्याला बावीस-तेवीस झाले तर चालेल. सव्वीस झाले आणि वेळ तीच असली तर घड्याळ तुला फसवतंय. हात घसरतोय आणि तू नुसती फिरकी वाढवून वेळ वाचवतेस.

सलग दोन शंभरं २:१५ च्या वर गेली तर एक शंभर सोडून दे, पूर्ण अडीच मिनिटं थांब आणि पुन्हा सामील हो. कुठल्या शंभराला तुटलं ते वहीत लिही. चौथ्या-पाचव्याला तुटलं आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच तुटलं, तर आकडाच तिखट आहे, २:१४ धर. आठव्या-नवव्याला तुटलं तर आकडा ठीक आहे, आदल्या दिवशी काय केलं होतंस ते बघ. आणि मे महिन्यात टँकचं पाणी अगदी कोमट झालेलं असतं तेव्हा आकडा सुधारण्याच्या मागे लागू नकोस. गरम पाण्यात सगळेच हळू होतात आणि चेहरा लाल होतो. तेव्हा उसंत पाच सेकंदांनी वाढव, गती ठेव.

तुझ्या लेनमधल्या त्या तिघी १:५५ वाल्या आहेत आणि २:१५ वर सुटतात. त्यांच्याबरोबर सुटायचा मोह तुला होतो, हे मला माहीत आहे. त्यांना त्यात वीस सेकंद मिळतात. तुला मिळतील तीन, आणि तेही त्यांच्या पायांमागे राहून जमलं तर. तू दहा शंभर नाही, मोडकंतोडकं एक हजार मीटर पोहशील. मैत्रिणी बाहेर चहाला आहेतच. लेनमध्ये तू तुझ्या अडीचवर, किंवा शेजारच्या लेनमध्ये ये.

आकडा कधी बदलायचा? दोन आठवडे लागोपाठ दहाही शंभरं चारच सेकंदांच्या पट्टीत आली आणि शेवटचं ओढूनताणून नसलं, तर २:११ धर, सुटण्याची वेळ अडीचच ठेव. किंवा २:१२ ठेवून २:२५ वर सुट. दोन्ही एकदम नको. काय झेपलं आणि काय नाही ते कळत नाही. पुन्हा टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी. दर आठवड्याला टेस्ट घेणारेही मी पाहिलेत. त्यांना टेस्ट द्यायला छान येते, पोहणं आहे तिथेच राहतं.

गोव्याचं सांगून थांबते. मिरामारला १.९ किलोमीटर म्हणजे एकोणीस शंभरं. तिथे २:१२ मनात धरू नकोस. टँकवर तेवढ्या अंतराला मी तुला २:१८ धरायला सांगितलं असतं, म्हणजे ४३ मिनिटं ४२ सेकंद. पण आपल्या टँकवर १.९ किलोमीटरमध्ये पंच्याहत्तर वेळा भिंत ढकलायला मिळते आणि समुद्रात एकदाही नाही. बॉय शोधायला मान वर काढावी लागते, ओळ वाकडी होते, सुरुवातीला गर्दीत लाथा बसतात. पन्नास मिनिटांत बाहेर आलीस तर मी म्हणेन उत्तम झालं. पोहण्याची मुदत सत्तर मिनिटांची आहे, तेव्हा घाबरून पहिल्या शंभराला १:५४ मारायचं काहीच कारण नाही. रविवारच्या टेस्टचं पहिलं शंभर आठव. तिथे पुढची तीनच शंभरं बिघडली होती, समुद्रात अठरा राहिलेली असतात आणि त्यानंतर ९० किलोमीटर सायकल.

मंगळवारी दहा शंभर अडीचवर कर आणि दहाच्या दहा वेळा मला रात्री पाठव, सरासरी नको. पुढची टेस्ट सात आठवड्यांनी, गुरुवारीच, सव्वासहाच्या बॅचला, भिंतीकडच्या लेनमध्ये. बुधवारी सायकल नाही. पाटी मी आणते.